आधी आकृती, मग चिन्हे



प्रकाशाचा धडा सुरू करण्यापूर्वी मी दरवर्षी वर्गात एक सोपे उदाहरण फळ्यावर लिहितो. माझे विद्यार्थी दहावी होऊन कनिष्ठ महाविद्यालयात आलेले असतात. आरसे आणि भिंगे त्यांनी शाळेत शिकलेली असतात. उदाहरण असे : एका अंतर्वक्र आरशाचे नाभीय अंतर १५ सेंटिमीटर आहे. आरशासमोर १० सेंटिमीटरवर एक वस्तू ठेवली, तर प्रतिमा कोठे मिळेल व कशी असेल?

गेल्या वर्षी एका मुलीने सर्वांच्या आधी हात वर केला. तिने वहीत सूत्र लिहिले होते, किमती घातल्या होत्या, पायऱ्या सुबक होत्या. उत्तर होते : प्रतिमा आरशाच्या समोर ३० सेंटिमीटरवर, वास्तव, उलटी आणि वस्तूच्या तिप्पट मोठी. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. त्यांचेही उत्तर तेच होते.

मी प्रयोगशाळेतून तसा आरसा मागवला आणि तिच्या हातात दिला. तिची पेन्सिल आरशासमोर साधारण दहा सेंटिमीटरवर उभी धरायला सांगितली. आरशात पेन्सिल दिसली. चांगली मोठी आणि अगदी सुलटी! तिने आरशाकडे पाहिले, वहीकडे पाहिले आणि म्हणाली, "सर, हा आरसा पंधराचा नसेल." म्हणून आम्ही खिडकीजवळ गेलो. समोरच्या दूरच्या इमारतीची प्रतिमा कोऱ्या कागदावर घेतली आणि आरशापासून कागदापर्यंतचे अंतर पट्टीने मोजले. ते १५ सेंटिमीटरच भरले. तेव्हा ती हळूच म्हणाली, "मग सूत्रच चुकलं?"

सूत्र चुकलेले नव्हते. तिची आकडेमोडही चुकलेली नव्हती. तरीही उत्तर चूक होते. हे कसे घडते, ते आज पाहू. तिने लिहिले होते ते असे :

−१/v − १/१० = −१/१५
म्हणून १/v = १/१५ − १/१० = −१/३०
म्हणून v = −३० सेंटिमीटर

चूक पहिल्याच ओळीत आहे. पण ती दिसायला हवी असेल, तर सूत्र कोठून आले हे आधी पाहावे लागेल. माझे मत मी आताच सांगून टाकतो. शाळेत आपण सूत्र शिकवतो, चिन्हांचा तक्ता पाठ करून घेतो आणि किरणाकृती वेगळ्या दिवशी, वेगळ्या प्रश्नासाठी काढायला लावतो. हा क्रम उलटा आहे. आधी आकृती, मग लांब्या आणि सर्वांत शेवटी चिन्हे, असा क्रम हवा.

तर मग आलेखाचा कागद, पट्टी आणि टोकदार पेन्सिल घ्या. माझ्याबरोबर दोन आकृत्या काढा. कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे खरे ५ सेंटिमीटर, असे प्रमाण घ्या. कागदाच्या मध्याच्या उजवीकडे एक उभी रेघ काढा. हा आपला आरसा. त्याच्या मधोमध जाणारी आडवी रेघ हा मुख्य अक्ष. दोन्ही रेघा जेथे छेदतात तो ध्रुव. ध्रुवाच्या डावीकडे कागदावर ३ सेंटिमीटरवर नाभी मांडा, म्हणजे नाभीय अंतर १५ सेंटिमीटर झाले.

आरसा वक्र असताना मी सरळ रेघ का काढायला सांगितली, असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे. आपण शिकतो ते सूत्र केवळ अक्षाच्या अगदी जवळून जाणाऱ्या किरणांसाठी खरे आहे. आरशाचा तेवढाच मधला भाग जवळजवळ सपाट असतो. पण आकृतीत दिसावे म्हणून आपण वस्तू उंच काढतो आणि तिच्या टोकापासून निघालेला किरण आरशाच्या कडेला जाऊन आदळतो. १५ सेंटिमीटर नाभीय अंतराच्या गोलीय आरशावर अक्षाला समांतर असा किरण १५ सेंटिमीटर उंचीवर पडला, तर तो अक्षाला ध्रुवापासून १५ नव्हे, सुमारे १२.७ सेंटिमीटरवर छेदतो. कंपासने सुरेख कंस काढून, परावर्तनाचे कोन मोजून आकृती काढणाऱ्या मुलांचे उत्तर सूत्राशी जुळत नाही, ते यामुळे. त्यांचे काम चोख असते. सूत्राची मर्यादाच त्यांच्या कागदावर उमटलेली असते. सरळ रेघ काढली की ही अडचण येत नाही.

आता पहिली आकृती. वस्तू ध्रुवापासून २० सेंटिमीटरवर, म्हणजे कागदावर डावीकडे ४ सेंटिमीटरवर, १ सेंटिमीटर उंच काढा. तिच्या टोकापासून दोन किरण न्या. एक अक्षाला समांतर जाऊन आरशावर पडतो आणि परावर्तित होऊन नाभीतून जातो. दुसरा सरळ ध्रुवावर पडतो आणि अक्षाशी तेवढाच कोन करून अक्षाच्या खालच्या बाजूला परततो. दोन्ही परावर्तित किरण पट्टीने वाढवत न्या. ते अक्षाच्या खाली, ध्रुवापासून कागदावरच्या १२ सेंटिमीटरवर, म्हणजे खऱ्या ६० सेंटिमीटरवर भेटतील. तेथे प्रतिमेचे टोक आहे. प्रतिमेची उंची मोजा. ती ३ सेंटिमीटर भरेल.

आता या आकृतीतील त्रिकोण पाहा. येथे आपण लांब्याच मोजणार आहोत. लांबी ही पट्टीने मोजलेली गोष्ट. ती नेहमी धनच असते. वस्तूच्या अंतराची लांबी 'व', प्रतिमेच्या अंतराची लांबी 'प' आणि नाभीय अंतराची लांबी 'न' मानू. ध्रुवावरून परतणाऱ्या किरणामुळे दोन समरूप त्रिकोण होतात. एकात वस्तूची उंची आणि पाया व, दुसऱ्यात प्रतिमेची उंची आणि पाया प. म्हणून प्रतिमा वस्तूच्या प/व पट मोठी. आपल्या आकृतीत ६०/२०, म्हणजे ३ पट.

नाभीतून जाणाऱ्या किरणामुळे आणखी दोन समरूप त्रिकोण होतात. त्यातला एक आरसा आणि नाभी यांच्यामध्ये आहे. त्याची उंची वस्तूइतकीच, कारण किरण समांतर आला, पाया न. दुसरा नाभी आणि प्रतिमा यांच्यामध्ये. त्याची उंची प्रतिमेइतकी आणि पाया (प − न), म्हणजे ४५. ४५/१५ पुन्हा ३. दोन्ही गुणोत्तरे एकच असल्याने

प/व = (प − न)/न

दोन्ही बाजूंना प ने भागून मांडणी केली, की मिळते

१/व + १/प = १/न

किमती घालून पाहा. १/२० + १/६० = ४/६० = १/१५. जुळले. अजून एकही चिन्ह आलेले नाही, हे लक्षात घ्या.

दुसरी आकृती त्या मुलीच्या उदाहरणाची. आरसा तोच, नाभी तीच, पण वस्तू १० सेंटिमीटरवर, म्हणजे कागदावर २ सेंटिमीटरवर. ती आरसा आणि नाभी यांच्यामध्ये आली. पुन्हा तेच दोन किरण काढा. परावर्तनानंतर ते एकमेकांपासून दूर जाताना दिसतील. डावीकडे कितीही वाढवा, ते भेटणार नाहीत. मग त्यांना आरशाच्या मागे, उजवीकडे, तुटक रेघांनी वाढवा. तेथे ते ध्रुवापासून कागदावर ६ सेंटिमीटरवर, म्हणजे खऱ्या ३० सेंटिमीटरवर, अक्षाच्या वरच्या बाजूला भेटतात. हीच आभासी, सुलटी, तिप्पट प्रतिमा. मुलीला आरशात दिसलेली पेन्सिल ती हीच.

आता या आकृतीतील लांब्या. ध्रुवाजवळचे त्रिकोण तसेच आहेत; प्रतिमा प/व पट, म्हणजे ३०/१० = ३ पट. पण नाभीजवळचे त्रिकोण बदलले. नाभी आरशाच्या एका बाजूला आणि प्रतिमा दुसऱ्या बाजूला असल्याने नाभीपासून प्रतिमेपर्यंतचा पाया आता (प − न) नसून (प + न) आहे; ४५/१५ = ३. म्हणून

प/व = (प + न)/न

आणि यातून मिळते

१/व − १/प = १/न

पडताळा घ्या : १/१० − १/३० = २/३० = १/१५. हेही बरोबर आहे. पण हे सूत्र पहिल्या आकृतीच्या सूत्रापेक्षा वेगळे आहे! तेथे अधिक होते, येथे उणे आहे.

माझ्या मते साऱ्या धड्याचा गाभा येथे आहे, आणि नेमका हाच भाग घाईत राहून जातो. लांब्यांनीच काम करायचे ठरवले, तर प्रत्येक प्रकारच्या आकृतीला वेगळे सूत्र लागते. अंतर्वक्र आरशाची वास्तव प्रतिमा, त्याचीच आभासी प्रतिमा, बहिर्वक्र आरसा, मग भिंगांचे प्रकार. शिवाय कोणते सूत्र कोठे वापरायचे हे कळण्यासाठी प्रतिमा कोणत्या बाजूला येणार ते आधीच ठाऊक असायला हवे. जे शोधायचे आहे तेच आधी ठाऊक हवे, अशी ही पंचाईत आहे. चिन्हांचा संकेत ती दूर करण्यासाठी आहे.

हा संकेत म्हणजे तुमच्या ओळखीची संख्यारेषाच. ध्रुवावर शून्य मांडायचे. वस्तू डावीकडे ठेवायची, म्हणजे प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो. शून्याच्या उजवीकडची अंतरे धन, डावीकडची ऋण. अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. याला कार्टेशियन संकेत म्हणतात. रेने देकार्त या फ्रेंच गणितज्ञाचे लॅटिन नाव कार्टेशियस. भूमिती आणि बीजगणित यांची सांगड घालणारा त्याचा ग्रंथ १६३७ साली प्रसिद्ध झाला. आलेखाच्या कागदावर तुम्ही जे करता तेच येथे करायचे आहे.

आता u, v आणि f ही अक्षरे आणू. ही अक्षरे म्हणजे लांब्या नव्हेत. ती संख्यारेषेवरील जागा सांगतात. त्यांच्या पोटातच चिन्ह असते. पहिल्या आकृतीत वस्तू, प्रतिमा आणि नाभी तिन्ही डावीकडे आहेत. म्हणून व = −u, प = −v, न = −f. हे पहिल्या सूत्रात घातले, की प्रत्येक पदाला उणे चिन्ह येते आणि ते सगळीकडून काढून टाकता येते :

१/v + १/u = १/f

दुसऱ्या आकृतीत वस्तू आणि नाभी डावीकडे, पण प्रतिमा उजवीकडे आहे. म्हणून व = −u, न = −f, पण प = +v. हे दुसऱ्या सूत्रात घाला. −१/u − १/v = −१/f येते आणि उणे काढून टाकले, की तेच सूत्र पुन्हा मिळते. दोन वेगळ्या आकृत्या, लांब्यांची दोन वेगळी सूत्रे, पण चिन्हे लावताच दोन्ही एक झाली. बहिर्वक्र आरशाची आकृती घेतलीत तरी हेच होते; करून पाहा.

आता त्या मुलीच्या पहिल्या ओळीकडे परत चला. u ची किंमत −१० आणि f ची −१५ हे तिने बरोबर घातले, कारण वस्तू आणि नाभी कोठे आहेत ते दिलेलेच होते. पण v ला ही तिने उणे चिन्ह दिले. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "अंतर्वक्र आरशाची प्रतिमा समोर असते ना, म्हणून ऋण." म्हणजे प्रतिमा कोठे आहे याचा तिने आधी अंदाज केला आणि त्या अंदाजाचे चिन्ह सूत्रात कोंबले. पण v च्या पोटात चिन्ह आधीच होते. तिने बाहेरून आणखी एक लावले, त्यामुळे जे उत्तर +३० यायचे ते −३० आले. सरळ मार्गाने पाहा :

१/v + १/(−१०) = १/(−१५)
१/v = −१/१५ + १/१० = १/३०
v = +३० सेंटिमीटर

धन आले, म्हणजे प्रतिमा आरशाच्या मागे, आभासी. सूत्रानेच आपल्याला बाजू सांगितली. विशालन m = −v/u = −३०/(−१०) = +३; धन म्हणजे सुलटी. आरशातली पेन्सिल आणि वही यांचे भांडण मिटले.

तेव्हा चिन्ह द्यायचे ते दिलेल्या राशींना. जी शोधायची आहे, तिला मोकळे सोडायचे.

या चुकीतली फसवी बाब अशी, की चुकीचे उत्तरही आतून सुसंगत दिसते. v ऋण, म्हणून वास्तव; m = −३, म्हणून उलटी व तिप्पट. कोठेच काही खटकत नाही. नुसत्या आकडेमोडीवर भिस्त ठेवणाऱ्याला ही चूक कधीच सापडणार नाही. आकृतीचा कच्चा आराखडा काढला असता, तरी किरण समोर भेटत नाहीत हे लगेच दिसले असते.

आणखी एक पडताळा आहे आणि मला तो फार आवडतो. प्रकाशाचा मार्ग उलटवता येतो. १० सेंटिमीटरवरील वस्तूची वास्तव प्रतिमा जर ३० सेंटिमीटरवर मिळत असेल, तर ३० सेंटिमीटरवर ठेवलेल्या वस्तूची प्रतिमा १० सेंटिमीटरवर मिळायला हवी. पण या आरशासाठी ३० सेंटिमीटर म्हणजे नाभीय अंतराची दुप्पट, म्हणजेच वक्रता केंद्र. तेथे ठेवलेल्या वस्तूची प्रतिमा तेथेच, ३० सेंटिमीटरवर पडते, हे तुम्हाला पाठ आहे. म्हणजे मुलीचे उत्तर खरे असणे शक्यच नव्हते.

आता भिंगाकडे वळू. आरशाच्या सूत्रात अधिक चिन्ह आणि भिंगाच्या सूत्रात उणे का, हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतो. विचारणारे थोडेच असतात. बाकीचे "आरशाला अधिक, भिंगाला उणे" असे घोकतात आणि परीक्षेत उलट लिहून येतात.

तिसरी आकृती काढा. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर १० सेंटिमीटर, वस्तू डावीकडे १५ सेंटिमीटरवर. समांतर किरण भिंगातून पलीकडच्या, म्हणजे उजवीकडच्या नाभीतून जातो. भिंगाच्या मध्यातून जाणारा किरण न वळता सरळ जातो. दोघे उजवीकडे ३० सेंटिमीटरवर, अक्षाच्या खाली भेटतात. त्रिकोण पाहिलेत, तर ते पहिल्या आकृतीतलेच आहेत, फक्त भिंगाच्या दोन बाजूंना पसरलेले. प/व = (प − न)/न. म्हणून लांब्यांचे सूत्रही तेच : १/व + १/प = १/न. पडताळा : १/१५ + १/३० = ३/३० = १/१०.

लांब्यांमध्ये आरसा आणि भिंग यांच्यात काही फरक नाही! फरक पडतो तो चिन्हे लावताना. आरसा प्रकाशाला परत फिरवतो, म्हणून वास्तव प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, ऋण बाजूला पडते. भिंग प्रकाशाला पुढे जाऊ देते, म्हणून वास्तव प्रतिमा पलीकडे, धन बाजूला पडते. येथे व = −u, पण प = +v आणि न = +f. हे घातले, की

१/v − १/u = १/f

त्या उणे चिन्हाचा जन्म असा झाला. ते व = −u मधून आले आहे.

आणि येथेच दुसरी चूक घडते. मुले म्हणतात, "u चे उणे सूत्रात आधीच आले आहे, मग u नुसता १५ घालू." सूत्रातले उणे हे बरोबरच्या ऋण u ला पुन्हा धन लांबी करण्यासाठी आहे, त्यामुळे u ची किंमत −१५ च घालायला हवी. नुसते १५ घातले, तर १/v = १/१० + १/१५ = १/६, म्हणजे v = ६ सेंटिमीटर येते. हे उत्तर पाहताच शंका यायला हवी. अतिदूरच्या वस्तूपासून येणारे समांतर किरण भिंगापासून १० सेंटिमीटरवर एकत्र येतात. जवळच्या वस्तूचे किरण तर भिंगावर पडतानाच पसरत असतात. त्यांना एकत्र आणायला भिंगाला १० सेंटिमीटरहून अधिकच अंतर लागणार. ६ सेंटिमीटरवर ते कसे भेटतील? −१५ घाला : १/v = १/१० − १/१५ = १/३०, v = +३०. आकृतीशी जुळले.

आता तक्त्याविषयी थोडे बोलतो. "वास्तव प्रतिमा ऋण, आभासी प्रतिमा धन" असे एक वाक्य अनेकांच्या वहीत चौकटीत लिहिलेले असते. आरशासाठी ते खरे आहे. पण भिंगासाठी नेमके उलट आहे, हे तुम्ही आता स्वतःच सांगू शकाल. मी शाळेत असताना हे वाक्य चौकटीत लिहून घेतले होते आणि भिंगाच्या उदाहरणात बेधडक वापरले होते. गुण गेले त्याचे वाईट वाटले. पण ते का गेले हे मला बीएस्सीला जाईपर्यंत कळले नाही, याचे आज जास्त वाईट वाटते.

त्यात भर म्हणजे काही पुस्तके दुसराच संकेत पाळतात. 'वास्तव ते धन, आभासी ते ऋण' असा तो संकेत. त्यात वास्तव वस्तू, वास्तव प्रतिमा यांची अंतरे धन घेतात, अंतर्वक्र आरसा व बहिर्वक्र भिंग यांची नाभीय अंतरेही धन घेतात आणि आरसा व भिंग दोहोंसाठी एकच सूत्र, १/u + १/v = १/f, वापरतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन भौतिकशास्त्राच्या अनेक पुस्तकांत अशाच धर्तीचा संकेत आढळतो. तोही बरोबर आहे. तुमच्या लक्षात आले असेल, की ते सूत्र म्हणजे आपले लांब्यांचे पहिले सूत्रच. पहिल्या व तिसऱ्या आकृतीत ते जसेच्या तसे लागू पडते आणि दुसऱ्या आकृतीतली आभासी प्रतिमा प ऋण धरून त्यात बसवतात. घोटाळा होतो तो एका संकेताचे सूत्र आणि दुसऱ्याची चिन्हे वापरल्यावर. मोठ्या भावाचे जुने पुस्तक किंवा मार्गदर्शक वापरत असाल, तर आधी त्यातली भिंगाच्या सूत्राची ओळ पाहा. तेथे अधिक चिन्ह असेल, तर ते पुस्तक तुमच्या पाठ्यपुस्तकाचा संकेत पाळत नाही.

माझे काही सहकारी म्हणतात, की परीक्षेत उदाहरणाला वेळ थोडा असतो, आकृतीला त्यात गुण नसतात, मग मुलांनी ती का काढावी? म्हणणे खोटे नाही. प्रमाणबद्ध आकृतीला दहा मिनिटे लागतात, आणि ती मी परीक्षेत काढायला सांगणार नाही. पण हाताने काढलेल्या कच्च्या आकृतीला अर्धे मिनिट पुरते. एक उभी रेघ, एक आडवी, नाभी कोठे, वस्तू नाभीच्या अलीकडे की पलीकडे, आणि दोन किरण. दिलेल्या राशींची चिन्हे मग तक्त्यातून आठवावी लागत नाहीत, ती कागदावरच दिसतात : डावीकडे असेल ते ऋण. शेवटी आलेले v चे चिन्ह त्याच आकृतीशी ताडून पाहता येते. गणित चुकले म्हणून जे गुण जातात, ते वाचवणारा यापेक्षा स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

शिक्षकांनाही एक विनंती करतो. "तिप्पट मोठी प्रतिमा मिळण्यासाठी वस्तू कोठे ठेवावी?" असा प्रश्न नुसता विचारून पाहा, वास्तव की आभासी ते सांगू नका. १५ सेंटिमीटरच्या आपल्या आरशाला याची दोन उत्तरे आहेत, २० सेंटिमीटर आणि १० सेंटिमीटर, आणि ती दोन्ही वर काढलेल्या आकृत्यांत आहेत. m = −३ घेतले की पहिले मिळते, m = +३ घेतले की दुसरे. कोणते चिन्ह घ्यायचे हे सूत्र सांगत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला कोणती प्रतिमा हवी आहे त्यावर ते ठरते. पडद्यावर घ्यायची असेल तर उलटी, आरशात डोकावून पाहायची असेल तर सुलटी.

तुमच्या आलेखाच्या कागदावर अजून जागा उरली असेल, तर एक आकृती तुम्ही स्वतः काढा. अंतर्वक्र भिंग, नाभीय अंतराची लांबी १५ सेंटिमीटर, वस्तू ३० सेंटिमीटरवर. येथे समांतर किरण भिंगातून गेल्यावर असा पसरतो, की जणू तो डावीकडच्या नाभीतूनच निघाला आहे. तुटक रेघ मागे न्या आणि ती मधल्या किरणाला कोठे छेदते ते पाहा. प्रतिमा डावीकडे १० सेंटिमीटरवर मिळायला हवी. नाभीजवळच्या त्रिकोणाचा पाया या वेळी (प − न) नाही आणि (प + न) ही नाही; तो काय आहे ते पट्टीने मोजून ठरवा. लांब्यांचे एक तिसरेच सूत्र मिळेल. मग व, प आणि न यांना चिन्हे लावा. तिघेही डावीकडे आहेत. शेवटच्या ओळीत १/v − १/u = १/f येते की नाही, ते मला लिहून कळवा.